नकाशावरची नोंद आणि न पोहोचणारा कोड

प्रश्न : माझे शिलाई मशीन दुरुस्तीचे दुकान एका जुन्या व्यापारी इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. गुगल मॅप्सवर त्याची नोंद कोणीतरी पूर्वीच करून ठेवली आहे, पण तिच्यावर आमचा केव्हाच बंद झालेला लँडलाइन क्रमांक आहे. नोंद ताब्यात घ्यायला गेले की पडताळणीचा कोड त्याच क्रमांकावर जातो. पोस्टकार्ड मागवले, ते आले नाही. पुन्हा मागवले, तेही नाही. इमारतीत प्रत्येक गाळ्याला वेगळी टपालपेटी नाही. आता पोस्टकार्डाचा पर्यायही दिसत नाही, फक्त व्हिडिओ मागतात. व्हिडिओ एकदा पाठवला तो नाकारला गेला, कारण सांगितले नाही. एक परिचित म्हणतात की ही नोंद सोडून नवी करा. काय करावे?

उत्तर : परिचितांचा सल्ला आधी बाजूला ठेवावा, कारण तो अमलात आणला तर मागे घेणे जड जाईल. एकाच पत्त्यावर, त्याच धंद्याची दुसरी नोंद केली की ती 'डुप्लिकेट' ठरण्याची शक्यता मोठी असते. मग पडताळणी होऊनही ती नकाशावर दिसत नाही, किंवा निलंबित होते. शिवाय ग्राहकांनी आजवर दिलेले अभिप्राय आणि छायाचित्रे जुन्या नोंदीवरच राहतात, आणि दुकान शोधणाऱ्याला बंद क्रमांकाची ती जुनी नोंदच आधी दिसत राहते. तेव्हा आहे तीच नोंद ताब्यात घ्यायची, हे धरून पुढे जाऊ.

तुमचा कोड तुमच्यापर्यंत का येत नाही, हे समजले तर पुढची पावले आपोआप उलगडतील. कोड मागताना गुगलला 'मालक कोण' एवढेच विचारायचे नसते. नोंदीवर जो क्रमांक आणि जो पत्ता छापलेला आहे, तिथे हा माणूस खरोखर सापडतो का, हे त्याला पाहायचे असते. म्हणून फोन जातो तो नोंदीवरच्या क्रमांकावर आणि पोस्टकार्ड जाते ते नोंदीवरच्या पत्त्यावर. पडताळणीच्या पडद्यावर 'हा क्रमांक जुना आहे, माझ्या मोबाइलवर कोड पाठवा' असे सांगण्याची सोय सहसा मिळत नाही, आणि ती नसणे रास्तच आहे. ती असती तर कोणीही कोणाचेही दुकान आपल्या मोबाइलवर घेऊन गेला असता. कोणता मार्ग द्यायचा हेही गुगलच ठरवते. धंद्याचा प्रकार, प्रदेश, उघडपणे उपलब्ध असलेली माहिती, कामकाजाची वेळ अशा गोष्टींवरून ते ठरते, आणि आपल्याला समोर दिसतील तेवढ्याच पर्यायांतून निवड करता येते. पोस्टकार्डाचा पर्याय नाहीसा झाला याचा अर्थ तुमच्यावर काही ठपका आला असा नाही. अलीकडे बहुतेक नव्या पडताळण्यांत व्हिडिओच पुढे केला जातो, आणि तुमच्यासारख्या ज्यांच्यापर्यंत फोनही पोहोचत नाही आणि टपालही, त्यांच्यासाठी तोच खरा मार्ग आहे.

व्हिडिओकडे वळण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या, तिला दोन मिनिटे लागतात. नोंद खरोखर बेवारस आहे ना? मॅप्समध्ये आपले दुकान उघडून माहितीच्या खाली `Claim this business` किंवा `Own this business?` असा दुवा दिसतो का ते पाहा. दिसत असेल आणि दाबल्यावर थेट पडताळणीचे मार्ग समोर येत असतील, तर नोंद कोणाच्याही ताब्यात नाही. पण 'या प्रोफाइलची पडताळणी दुसऱ्या कोणीतरी केली आहे' असा मजकूर आला, आणि सोबत एखाद्या ई-मेलची पुसटशी सुरुवातीची अक्षरे दिसली, तर प्रश्न कोडाचा उरत नाही. बहुतेकदा हा पत्ता जुन्या नोकराचा, संकेतस्थळ करून देणाऱ्याचा किंवा तुम्हीच विसरलेल्या एखाद्या खात्याचा निघतो. तेव्हा `Request access` वरून ताबा मागावा. सध्याच्या ताबेदाराला त्याचा ई-मेल जातो आणि उत्तर देण्यासाठी त्याला 3 दिवस असतात. त्याने उत्तर दिले नाही तर पुष्कळदा तुम्हाला स्वतः पडताळणी करून नोंद घेण्याचा पर्याय खुला होतो. ही मागणी ज्या खात्यातून केली त्याच खात्याचा ई-मेल पाहत राहा, कारण पुढचा दुवा तिथेच येतो. तुमच्या पत्रावरून मात्र तुमची नोंद बेवारस दिसते, म्हणून हे इथेच सोडतो.

आता त्या लँडलाइन क्रमांकाचे काय करायचे? मालकी नसतानाही तो बदलण्याची एक वाट आहे आणि ती कोणाही वाचकाला खुली आहे. मॅप्समध्ये दुकान उघडून `Suggest an edit` दाबा, त्यातून `Change name or other details` निवडा, आणि फक्त फोन क्रमांक दुरुस्त करून पाठवा. 'फक्त' हा शब्द मी मुद्दाम लिहितो आहे. नाव, पत्ता, क्रमांक आणि वेळ ही सगळी एकदम बदलायला निघालेली सूचना एखादी नोंद बळकावण्याच्या प्रयत्नासारखी दिसते, आणि ती अडकून पडते किंवा नाकारली जाते. दुकानाचे संकेतस्थळ, समाजमाध्यमावरचे पान किंवा दुसऱ्या एखाद्या यादीत नोंद असेल, तर तिथला क्रमांक या सूचनेच्या आधी बदलून घ्यावा, कारण सूचना खरी की खोटी हे ठरवताना इतरत्र काय लिहिले आहे हेही पाहिले जाते. सूचना मंजूर झाली तर फोनचा पर्याय पुन्हा मिळेलच अशी हमी नाही. पण नोंदीवर चालू क्रमांक असणे ही तशीही हवीच असलेली गोष्ट आहे, आणि फोनचा पर्याय मिळाला तर काम काही मिनिटांत उरकते. तसे झाले तर एवढे लक्षात ठेवा की कोड सांगणारा फोन हा ध्वनिमुद्रित असतो. 'दुकानासाठी एक दाबा' असे सांगणारी यंत्रणा जर क्रमांकावर बसवलेली असेल, तर दोन यंत्रे एकमेकांशी बोलत बसतात आणि कोड वाया जातो. माणसाने थेट उचलायला हवा. लँडलाइनवर संदेश येत नाही, म्हणून तिथे संदेशाऐवजी कॉल निवडावा लागतो.

पोस्टकार्डाबद्दलही थोडे लिहितो, कारण तुमच्या बाबतीत ते का हरवले याचा अंदाज करता येतो आणि हा पर्याय उद्या पुन्हा दिसूही शकतो. कार्डावर 5 अंकी कोड असतो, ते साधारण 14 दिवसांच्या आत यावे अशी अपेक्षा असते, आणि कोड 30 दिवस चालतो. ते न आल्यावर बहुतेक लोक तेच करतात जे तुम्ही केलेत : पुन्हा मागवतात. पण नवे कार्ड मागवले की आधीचा कोड रद्द होतो. म्हणजे पहिले कार्ड उशिरा का होईना इमारतीत येऊन पडले असेल, तरी तुमच्या दुसऱ्या मागणीने त्याचा उपयोग संपला होता. दुसरे असे की कार्डाची वाट पाहत असताना नोंदीतील नाव, पत्ता किंवा व्यवसायाचा प्रकार बदलायचा नसतो. बदलला की मागवलेला कोड चालेनासा होऊ शकतो. पुन्हा संधी मिळाली तर आधी पत्त्याची ओळ पाहा. तिच्यात मजला आणि गाळा क्रमांक आहे का? जुन्या, कोणीतरी करून ठेवलेल्या नोंदींत बहुधा इमारतीचे नाव आणि रस्ता एवढेच असते, आणि पोस्टमन इमारतीच्या दारापाशी थांबतो. मागणी करताना कार्ड कोणाच्या नावे पाठवायचे ते लिहिण्याची जागाही मिळते. तिथे इमारतीचा पहारेकरी किंवा शेजारी ज्या नावाने तुम्हाला ओळखतात ते नाव घालावे आणि त्यांना आधी सांगून ठेवावे. टपाल खात्याची पेटी पत्ता म्हणून देऊ नये, ती नियमात बसत नाही.

आता व्हिडिओ. नाकारला गेल्याचे कारण तुम्हाला सांगितले नाही असे तुम्ही लिहिता, आणि बहुतेकांचा अनुभव हाच आहे. उत्तर गुळमुळीत असते. तरी नाकारण्याची कारणे फारशी गूढ नाहीत. तपासणाऱ्याला एकाच सलग चित्रणात तीन गोष्टी दिसाव्या लागतात. दुकान ज्या जागी आहे असे तुम्ही म्हणता तिथेच ते आहे. नोंदीत लिहिलेलाच धंदा तिथे प्रत्यक्ष चालतो. आणि चित्रण करणाऱ्याला त्या जागेवर अधिकार आहे. पहिल्या दोन गोष्टी लोक दाखवतात. तिसरी राहून जाते. ग्राहकही दुकानात येऊन भिंती, यंत्रे आणि पाटी यांचे चित्रण करू शकतो. मग तुम्ही ग्राहक नाही हे त्यावरून कसे कळावे? ज्या हालचाली फक्त दुकानाचा माणूसच करू शकतो, त्या दिसायला हव्यात : किल्लीने कुलूप उघडणे, शटर वर करणे, ग्राहकाला न जाता येणाऱ्या आतल्या भागात शिरणे, गल्ला उघडणे.

तुमच्याच दुकानाचा मार्ग धरून मी हे चित्रण मनाशी आखतो, तुम्ही त्यात जागेप्रमाणे फेरफार करा. दिवसाउजेडी, शक्यतो दुकान अजून उघडलेले नसताना, रस्त्यावर उभ्या राहा. सुरुवात रस्त्याच्या नावाच्या फलकापासून करा. तो नसेल तर शेजारच्या इमारतीचा क्रमांक किंवा एखादे ठळक, नकाशावर असलेले दुकान चौकटीत घ्या, आणि तिथून कॅमेरा सावकाश तुमच्या इमारतीच्या दर्शनी भागाकडे वळवा. पहिल्या मजल्यावरची दुकाने इथेच मार खातात : माणूस थेट आपल्या दारात उभा राहून चित्रण सुरू करतो आणि ते दार कोणत्या इमारतीतले आहे हे कुठेच दिसत नाही. म्हणून चित्रण न थांबवता प्रवेशद्वारातून आत या, भिंतीवर गाळ्यांची यादी असेल तर तिच्यावर तुमचे नाव वाचता येईल इतका वेळ थांबा, जिना चढा, आणि दारावरच्या पाटीसमोर उभ्या राहा. पाटीवरची अक्षरे स्पष्ट वाचता आली पाहिजेत. काचेवर उजेड चमकत असेल तर जरा बाजूला सरका. मग खिशातून किल्ली काढून कुलूप उघडताना हात दिसू द्या, आत या, दिवे लावा.

आत गेल्यावर घाई करू नका, पण फेरफटकाही मारत बसू नका. दुरुस्तीचे टेबल, त्यावर उघडून ठेवलेले मशीन, मोटर आणि पायडल, बॉबिन केस व सुया ठेवलेले खण, नावाच्या चिठ्ठ्या लावलेली दुरुस्तीला आलेली यंत्रे, एवढे दाखवले की धंदा कोणता हे सांगायची गरज राहत नाही. (चिठ्ठ्यांवर ग्राहकांचे फोन क्रमांक असतील तर त्या आधी उलट्या करून ठेवा.) नंतर टेबलामागे जाऊन खण किंवा गल्ला उघडा आणि दुकानाचे नाव छापलेले पावतीपुस्तक कॅमेऱ्यासमोर धरा, कोरे पान पुरते. धंद्याच्या नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले असेल तर नाव आणि पत्ता वाचता येईल असे तेही घ्या. एवढ्यात एक-दीड मिनिट होते. किमान मर्यादा 30 सेकंदांची आहे. तुमच्यासारख्या वरच्या मजल्यावरच्या दुकानाला तेवढ्यात काही होत नाही, म्हणून लांबीची काटकसर करू नये.

चित्रण सलग असावे लागते. मध्ये थांबवून जोडलेले, संगीत किंवा अक्षरे घातलेले, आधी करून ठेवलेले चित्रण चालत नाही. पडताळणीच्या पडद्यावरूनच, फोनने ते करायचे असते. तुम्ही संगणकावरून सुरुवात केली असेल तर एक क्यूआर कोड दिसतो, तो फोनने टिपून पुढचे काम फोनवर करावे. कोणाचेही चेहरे घेऊ नयेत, तुमचा स्वतःचाही लागत नाही. बँक खात्याचे, कराचे किंवा ओळखपत्राचे क्रमांक चौकटीत येऊ देऊ नयेत. बोलणे आवश्यक नाही. बोललात तरी हरकत नाही. पाठवण्यापूर्वी जिन्यात एकदा रंगीत तालीम करून पाहा, म्हणजे एका हातात फोन आणि दुसऱ्यात किल्ली अशी कसरत कुठे फसते ते कळेल. अपलोड पूर्ण होईपर्यंत तो पडदा बंद करू नका. जुन्या इमारतींच्या आतल्या गाळ्यांत नेटवर्क कमी असते, आणि अर्धवट पोहोचलेल्या चित्रणाला लोक 'नाकारले' समजतात. तपासणीला 5 कामकाजाच्या दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि त्या काळात नोंदीत काही बदलू नये.

हे सारे नीट करूनही चित्रण परत येण्याचे एक कारण उरते, आणि तुमच्या प्रकरणात माझा पहिला संशय त्याच्यावरच आहे. नोंद तुम्ही केलेली नाही. मग तिच्यावरचे नाव कोणी ठरवले? समजा तुमच्या पाटीवर 'सुबक शिलाई मशीन दुरुस्ती' असे आहे, आणि ज्याने कोणी नोंद केली त्याने 'शिलाई मशीन रिपेअर, खात्रीशीर व त्वरित सेवा' असे काहीतरी लिहून ठेवले आहे. तपासणाऱ्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी दुकाने आहेत. तुम्ही चित्रणात कितीही प्रामाणिकपणे आपली पाटी दाखवलीत, तरी ज्या धंद्याची पडताळणी मागितली त्याची पाटी त्यात नाही. गुगलचा नियम असा आहे की नोंदीतील नाव प्रत्यक्ष व्यवहारात, पाटीवर आणि कागदपत्रांवर वापरले जाते तेच असावे, त्याला सेवेचे वर्णन किंवा जाहिरातीची शेपटी जोडू नये. तेव्हा आज दुकानात गेल्यावर पाटी, पावतीपुस्तक, नोंदणीचा कागद आणि नकाशावरची नोंद या चारही ठिकाणचे नाव शेजारी शेजारी लिहून पाहा. फरक असेल तर पुढचा व्हिडिओ पाठवण्याआधी तो मिटवा : नोंदीतील नाव चुकीचे असेल तर वर सांगितलेल्या सूचनेच्या मार्गाने किंवा दावा करताना दिसणाऱ्या पडद्यावर दुरुस्त करा, आणि दुरुस्ती नकाशावर दिसू लागल्यावरच पडताळणीला हात घाला. क्रमांकाची सूचना आधी पाठवली असेल तर तिचा निकाल लागू द्या, मग नावाची पाठवा.

पाटीविषयी आणखी एक. ती कायमची बसवलेली हवी. कागदावर छापून दाराला चिकटवलेले नाव चित्रणात लगेच ओळखू येते, आणि केवळ पडताळणीपुरते लावले आहे असाच त्याचा अर्थ लावला जातो. ग्राहक येतात अशा दुकानाला जागेवर नावाची कायम पाटी असावी ही गुगलची अटच आहे. ज्यांना अशी पाटी लावता येत नाही किंवा जे घरून काम करून ग्राहकाकडेच जातात, त्यांनी पत्ता लपवून 'सेवा क्षेत्र' असलेली नोंद ठेवायची असते. तुमच्याकडे ग्राहक मशीन घेऊन येतात, म्हणून तुम्हाला तो प्रकार नको. पण घरूनच दुरुस्ती करणाऱ्या वाचकांनी एवढे जाणावे की त्यांच्याकडूनही व्हिडिओच मागितला जाऊ शकतो, आणि तिथे पाटीऐवजी हत्यारे, नाव रंगवलेले वाहन, धंद्याच्या नावाचा नोंदणीचा कागद आणि घराचे कुलूप उघडणे यांनी काम भागवावे लागते.

दुसरा व्हिडिओही परतला तर? पाठवलेल्या चित्रणाची एक प्रत तुमच्याजवळ राहत नसेल, म्हणून प्रत्येक वेळी आपण कोणत्या क्रमाने काय दाखवले हे कागदावर लिहून ठेवा, आणि पुढच्या वेळी निदान एक गोष्ट बदलून पाठवा. तेच चित्रण पुन्हा पाठवून निकाल बदलत नाही. काहींना या टप्प्यावर थेट व्हिडिओ कॉलचा पर्याय दिसतो. त्यात मदत विभागाचा माणूस समोर असतो आणि तो सांगेल ते दाखवायचे असते. दाखवायच्या गोष्टी वरच्याच, पण 'पाटी जरा जवळून दाखवा' असे सांगणारे कोणी असल्यामुळे मला हा मार्ग अधिक सोपा वाटतो. तो कामकाजाच्या ठरावीक वेळातच मिळतो, म्हणून एकदा दिसला नाही तर दिवसाच्या दुसऱ्या वेळी उघडून पाहावे.

पडद्यावर पडताळणीचा एकही मार्ग उरला नाही, किंवा चित्रणे परतच येत राहिली, तर मदत विभागाला लिहावे. ज्या खात्यातून दावा केला त्याच खात्याने प्रवेश करून `support.google.com/business/gethelp` हे पान उघडा, आपली नोंद निवडा आणि अडचणीच्या जागी पडताळणी होत नसल्याचे लिहा. मजकूर थोडका असू द्या. 'नोंदीवरील लँडलाइन बंद आहे. मागवलेली पोस्टकार्डे पोहोचली नाहीत, कारण इमारतीत गाळ्यांना स्वतंत्र टपालपेटी नाही. या तारखेला पाठवलेला व्हिडिओ नाकारला गेला. सोबत पुरावे जोडत आहे' एवढे पुरे. त्यांच्याकडून पुरावे मागितले जातील ते बहुधा असे असतात : इमारतीचे बाहेरून छायाचित्र, दारावरच्या पाटीचे छायाचित्र, आतल्या कामाच्या जागेचे छायाचित्र, आणि धंद्याचे नाव व पत्ता दोन्ही असलेला नोंदणीचा कागद किंवा वीज, पाणी, टेलिफोन यांपैकी एखादे बिल. बिल घरमालकाच्या नावावर असेल तर ते एकटे चालत नाही, म्हणून नोंदणीचा कागद आधी शोधून ठेवा. उत्तरात एक प्रकरण क्रमांक मिळतो. त्यानंतरचा सगळा पत्रव्यवहार त्याच ई-मेलला उत्तर देऊन करावा. अधीर होऊन नवी तक्रार केली की दोन वेगळे लोक दोन अर्धवट कागदांवर काम करतात, आणि त्यात उशीर तुमचाच होतो.

या काळात तुम्हाला एखादा फोन येऊ शकतो. समोरचा माणूस स्वतःला गुगलचा म्हणवतो, पडताळणी 'करून देतो' म्हणतो, शुल्क सांगतो, किंवा फोनवर आलेला कोड वाचून दाखवायला सांगतो. पडताळणीला गुगल पैसे घेत नाही आणि कोड तोंडी मागत नाही. कोड दुसऱ्याला सांगितला की नोंद त्याच्या खात्यात जाते, आणि मग तुम्हाला `Request access` च्या त्या रांगेत उभे राहावे लागते, जिची तुम्हाला आज गरज नाही. ओळखीचा कोणी मदत करणार असेल तरी दावा तुमच्याच खात्यातून करावा आणि पडताळणी झाल्यावर त्याला व्यवस्थापक म्हणून जोडावे.

पडताळणी झाल्याचा ई-मेल आला की पहिल्या दिवशी फोन क्रमांक आणि कामाच्या वेळा दुरुस्त करा, क्रमांकाची सूचना आधीच मंजूर झाली असेल तर फक्त वेळा. पत्त्याला हात लावायचा असेल तर तो शेवटी, एकट्याने आणि फक्त मजला-गाळा क्रमांक जोडण्यापुरता लावा, कारण पत्त्यातील मोठ्या बदलानंतर पुन्हा पडताळणी मागितली जाऊ शकते. घरातल्या एका विश्वासू माणसाला दुसरा मालक म्हणून जोडून ठेवा, म्हणजे तुमचे खाते काही कारणाने बंद पडले तरी नोंद हातची जाणार नाही. नव्याने जोडलेल्या माणसाला मालकी हस्तांतरित करणे किंवा इतरांना काढून टाकणे यांसारखे अधिकार पहिले 7 दिवस मिळत नाहीत. ते दिवस उलटेपर्यंत तिथे काही अडल्यासारखे दिसले तर काळजी करू नका, आणि त्या कारणासाठी मदत विभागाला नवे पत्रही पाठवू नका.